लेक्चरच्या ट्रान्सक्रिप्टमधून रिव्हिजनची कार्डं कशी काढायची: पंचायत राजचं एक लेक्चर घेऊन सगळी प्रोसेस

५० मिनिटांचं पंचायत राजचं लेक्चर, त्याची ट्रान्सक्रिप्ट सहा हजार शब्दांच्या आसपास, आणि त्यातून मी शेवटी ठेवलेली कार्डं ३६. पहिल्यांदा केलं तेव्हा याच लेक्चरची १४० झाली होती, कारण सर जे जे बोलले त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून मी कार्ड केलं, आणि दोन आठवड्यांत रोजची रिव्हिजन इतकी साठली की अ‍ॅप उघडायचीच भीती वाटायला लागली. म्हणून हा लेख अ‍ॅपचा नाहीये, तो बोलण्यातून प्रश्न कसा कापून काढायचा याचा आहे, अ‍ॅपचं थोडं शेवटी येईल. उदाहरण एमपीएससीवाल्यांना ओळखीचं घेतलंय, ७३ वी घटनादुरुस्ती, पण तुम्ही नर्सिंगचं किंवा सीएचं लेक्चर घेतलं तरी कात्री अशीच चालवायची.

आधी ट्रान्सक्रिप्ट मिळवणं, हे पटकन सांगतो. यूट्यूबवर लेक्चर असेल आणि त्याला कॅप्शन असतील तर कॉम्प्युटरवर व्हिडिओखालचं वर्णन उघडा, तिथे `Show transcript` बटण असतं, दाबलं की बाजूला वेळेसकट मजकूर येतो, तो सिलेक्ट करून कॉपी करायचा. वेळा काढून टाकू नका, त्या पुढे लागणार आहेत. क्लासचं ऑडिओ रेकॉर्डिंग असेल तर गूगल डॉक्समध्ये `Voice typing` मध्ये मराठी भाषा निवडून, हेडफोनवर ऐकत ऐकत स्वतःच्या आवाजात परत बोलायचं. हे वेडेपणाचं वाटतं पण यात शब्द बरे येतात, शिवाय बोलताना एक उजळणी होते. हे करताना दर पाच मिनिटांनी रेकॉर्डिंगमधली वेळ हाताने टाइप करून ठेवा.

ट्रान्सक्रिप्ट उघडायच्या आधी १० मिनिटं

लेक्चर ऐकून झालं की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रान्सक्रिप्ट न बघता, एका कोऱ्या पानावर आठवेल ते लिहून काढा. क्रम नको, अक्षर नको, फक्त आठवेल ते. माझ्या पानावर आलं होतं: ग्रामसभा, २९ विषय, महिलांना एक तृतीयांश, वय २१, दोन मेहता. आता जे न अडखळता आलं त्याला कार्ड लागत नाही किंवा एखादंच लागतं, आणि जे अर्धवट आलं, म्हणजे दोन मेहता आहेत हे आठवतंय पण कोण काय म्हणाला ते नाही, तिथेच कार्डाची खरी गरज आहे. हे पान नसेल तर ट्रान्सक्रिप्ट वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटतं, कारण वाचताना सगळंच ओळखीचं वाटत असतं. पान जपून ठेवा, पुढे कार्डं गाळताना तेच कामी येतं.

पहिलं वाचन फक्त चुकांसाठी

आपोआप बनलेली ट्रान्सक्रिप्ट शब्दांत चुकते ते कळतं, कारण वाक्य विचित्र दिसतं. आकड्यांत चुकते ते कळत नाही, कारण चुकीचा आकडासुद्धा व्यवस्थित आकड्यासारखाच दिसतो. मराठी आकडे तर कानाला फारच जवळचे आहेत. माझ्या फाइलमध्ये अकराव्या अनुसूचीत "एकोणीस विषय" असं आलं होतं, सर एकोणतीस म्हणाले होते. एका ठिकाणी त्र्याहत्तरावीची त्रेसष्टावी झाली होती. असली चूक एकदा कार्डात गेली की संपलंच, कारण कार्डाचं कामच ती डोक्यात पक्की करणं आहे, तुम्ही मेहनतीने चुकीचं पाठ कराल.

म्हणून पहिल्या वाचनात समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. फक्त आकडे, वर्षं, कलमांचे नंबर आणि माणसांची नावं यांना पिवळा रंग द्या आणि प्रत्येक पिवळा शब्द पुस्तकाशी किंवा मूळ कायद्याच्या मजकुराशी ताडून बघा. ५० मिनिटांच्या लेक्चरमध्ये मला असे ४० एक शब्द सापडले, ताडायला अर्धा तास गेला. कलमांच्या अक्षरांकडे जरा नीट बघा, सर "२४३ डी" म्हणतात आणि फाइलमध्ये कधी "२४३ दी" तर कधी "२४३ बी" येतं. डी म्हणजे आरक्षण आणि बी म्हणजे पंचायतींची स्थापना, अख्खा विषय बदलतो. त्यातून संविधानाच्या हिंदी प्रतीत ही अक्षरं क, ख, ग, घ, ङ अशी जातात, म्हणजे तिथला २४३ घ हा आपला २४३ डी. ताडताना हे डोक्यात ठेवा नाहीतर बरोबर असलेलं चूक वाटेल.

दुसरी गोष्ट, सरसुद्धा चुकतात, किंवा चुकत नाहीत पण बोलताना दोन गोष्टी एकत्र करतात. या लेक्चरमध्ये एकदा "९२ ची घटनादुरुस्ती" आणि दहा मिनिटांनी "९३ ला आली" असं होतं. दोन्ही बरोबर आहे. कायद्याच्या नावात १९९२ आहे आणि तो लागू झाला २४ एप्रिल १९९३ ला, म्हणून तर २४ एप्रिलला पंचायत राज दिवस असतो. ट्रान्सक्रिप्टमध्ये अशी दोन वाक्यं एकमेकांना भांडताना दिसली की समजायचं इथे एक चांगलं कार्ड दडलंय, कारण ऐकणारा तिथेच गोंधळतो आणि पेपर काढणाऱ्यालाही ते माहीत असतं.

दुसरं वाचन: बोलण्यातून विधानं वेगळी काढायची

इथेच बहुतेक लोक उडी मारतात आणि थेट प्रश्न लिहायला लागतात. थांबा जरा. बोलणारा माणूस एकच गोष्ट तीनदा सांगतो, मध्ये आपल्या गावच्या सरपंचाचा किस्सा सांगतो, मग अर्धं वाक्य टाकून देतो आणि अपवाद पाच मिनिटांनी आठवला की सांगतो. त्यामुळे नियम एका पानावर आणि त्याचा अपवाद तिसऱ्या पानावर असं होतं. सरळ खाली खाली जात कार्डं केली तर नियमाचं कार्ड अपवादाशिवाय बनतं.

म्हणून एक दुसरी फाइल उघडा आणि त्यात फक्त विधानं लिहा, आपल्या शब्दात, एका ओळीत एक, पुढे वेळ. अजून प्रश्न नाही. माझ्या ट्रान्सक्रिप्टचा ३४ व्या मिनिटाचा तुकडा, चुका दुरुस्त केल्यावर, साधारण असा होता:

"तर आता मुदत, मुदत किती, पाच वर्ष, सगळ्यांना माहितीये, पण पाच वर्ष कुठून मोजायची, तर पहिल्या सभेपासून, निवडणूक झाली त्या दिवसापासून नाही हं, पहिल्या सभेची जी तारीख ठरवली जाते तिथून. आणि समजा मध्येच बरखास्त झाली, आमच्याकडे झाली होती एकदा, तेव्हा सहा महिने, सहा महिन्याच्या आत निवडणूक झाली पाहिजे, घोषित नाही, पूर्ण झाली पाहिजे. आणि जी नवी येईल ती काय पाच वर्ष नाही राहणार, उरलेला काळ फक्त. हां आणि उरलेला काळ सहा महिन्यापेक्षा कमी असेल तर मग निवडणूक घ्यायची गरज नाही."

यातून विधानं निघाली पाच. मुदत ५ वर्षं. मोजायची पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या तारखेपासून. बरखास्त झाल्यास ६ महिने संपायच्या आत निवडणूक पूर्ण. नवी पंचायत फक्त उरलेल्या काळासाठी. उरलेला काळ ६ महिन्यांपेक्षा कमी असेल तर त्या काळासाठी निवडणूक आवश्यक नाही. सगळं कलम २४३ ई. किस्सा गेला, "सगळ्यांना माहितीये" गेलं. पण "निवडणूक झाली त्या दिवसापासून नाही हं" हे मी कंसात ठेवलं, कारण सर जेव्हा "हे नाही हं" म्हणतात तेव्हा ते तुम्हाला चुकीचा पर्यायच फुकट देत असतात. अशी वाक्यं ट्रान्सक्रिप्टमध्ये शोधायला सोपी आहेत, "नाही हं", "इथे गोंधळ होतो", "लक्षात ठेवा", एवढं सर्च केलं तरी सापडतात.

अख्ख्या लेक्चरची अशी विधानं माझी ६२ झाली. मग ते कोरं पान परत काढलं आणि जे मला तसंही पक्कं होतं ते खोडलं, उदाहरणार्थ मुदत ५ वर्षं, किमान वय २१. राहिली ४० च्या आत.

आता प्रश्न, आणि इथे सावकाश जायचं

एक कसोटी पुरे आहे. हा प्रश्न तीन महिन्यांनी, कुठल्या लेक्चरमधला ते विसरल्यावर, वाचला तर त्याचं एकच उत्तर संभवतं का? "महिलांना किती आरक्षण?" हे कार्ड मी केलं होतं आणि उत्तर लिहिलं होतं एक तृतीयांश. दीड महिन्याने ते समोर आलं तेव्हा मी ५० टक्के म्हणालो आणि स्वतःला चूक दिलं. पण चूक माझी नव्हती, कार्डाची होती. घटनेत कलम २४३ डी मध्ये किमान एक तृतीयांश आहे, महाराष्ट्राने राज्याच्या कायद्यात २०११ मध्ये ते ५० टक्के केलं. दोन्ही उत्तरं बरोबर, प्रश्न अर्धवट. मग त्याची दोन कार्डं झाली, "पंचायतीत महिलांसाठी संविधानानुसार किमान किती जागा राखीव?" आणि "महाराष्ट्रातल्या पंचायत राज संस्थांत महिलांसाठी किती टक्के जागा राखीव, आणि कधीपासून?" आता हे दुसरं परत दोन गोष्टी विचारतंय, टक्केही आणि वर्षही, म्हणून तेही तोडलं. एका कार्डात दोन उत्तरं असली की एक आलं आणि एक नाही आलं तर काय बटण दाबायचं हे कळत नाही, मग आपण दरवेळी स्वतःवर मेहरबानी करतो.

मुदतीच्या त्या पाच विधानांवर परत येऊ. पहिलं खोडलं. दुसऱ्याचं कार्ड सोपं: "पंचायतीची ५ वर्षांची मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात?" उत्तर, पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या तारखेपासून, निकालाच्या तारखेपासून नाही. तिसऱ्याचं: "पंचायत मुदतीआधी बरखास्त झाली तर निवडणूक किती काळात पूर्ण व्हायला हवी?" यात "पूर्ण" हा शब्द मी मुद्दाम ठेवला.

चौथं आणि पाचवं विधान मात्र नुसतं विचारून उपयोग नाही. "नवी पंचायत किती काळ राहते?" याला "उरलेला काळ" हे उत्तर पोपटासारखं येतं आणि पेपरात गणित घालून विचारलं की फजिती होते. म्हणून तिथे प्रसंग घालायचा. माझं कार्ड असं होतं: "३ वर्षं पूर्ण झाल्यावर पंचायत बरखास्त झाली, ४ महिन्यांनी नवी पंचायत आली. ती किती काळ राहील?" आणि मी स्वतःच उत्तर लिहिलं २ वर्षं, हुशार! मूळ पंचायतीचे २ वर्षं उरले होते हे खरं, पण त्यातले ४ महिने निवडणुकीतच गेले, म्हणजे नवीला १ वर्ष ८ महिने. हे उत्तर तपासताना कळलं म्हणजे ते विधान मला कळलेलंच नव्हतं, फक्त पाठ होतं. पाचव्याचं कार्डही तसंच, "मुदत संपायला ५ महिने उरलेले असताना पंचायत बरखास्त झाली. उरलेल्या काळासाठी निवडणूक घ्यावीच लागेल का, का?" उत्तर, नाही, उरलेला काळ ६ महिन्यांपेक्षा कमी आहे. हो किंवा नाहीची कार्डं एरवी वाईट, कारण अंदाजाने निम्मी बरोबर येतात, म्हणून तिथे "का" जोडायचं आणि का सांगता आलं तरच बरोबर धरायचं.

याद्या हा दुसरा खड्डा. लेक्चरमध्ये समित्यांची रांग होती आणि पहिल्या झटक्यात मी "पंचायत राजवरच्या समित्या सांगा" असं कार्ड केलं. ते कधीच पूर्ण येत नाही, दरवेळी एक सुटते, आणि दरवेळी वेगळी. यादीला कार्ड करायचं नाही, यादीतल्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशाने होतात त्याचं कार्ड करायचं. बलवंतराय मेहता समिती १९५७ ची, त्रिस्तरीय रचना. अशोक मेहता समिती १९७७ ची, द्विस्तरीय. आडनाव एकच असल्याने घोळ होतो, म्हणून कार्ड: "दोन मेहतांपैकी द्विस्तरीय पंचायत राज कोणी सुचवलं?" त्याच्या उलटं कार्ड वेगळं करायची गरज नाही, एक पक्का झाला की दुसरा आपोआप येतो. मग वसंतराव नाईक समिती, १९६०, हिची शिफारस महाराष्ट्राच्या १९६१ च्या जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायद्यामागे आहे आणि तो १ मे १९६२ ला लागू झाला. इथे तीन वर्षं एका ओळीत आहेत, तर प्रत्येकाला स्वतःचा प्रश्न, आणि प्रश्नात बाकीच्यांचा उल्लेख नको.

अकराव्या अनुसूचीतले २९ विषय पाठ करायचं कार्ड करू नका, प्लीज. "किती विषय" हे एक, आणि ओळखायला लागणारी दोन-तीन, बस.

"का" विचारणारी कार्डं ट्रान्सक्रिप्टमधून सर्वात कमी निघतात पण टिकतात ती. उदाहरणार्थ सर म्हणाले की २० लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या राज्यांना मधला स्तर ठेवायची सक्ती नाही. नुसता आकडा आठ दिवसात जातो. मी कार्ड केलं "गोव्यात पंचायत समिती का नाही?" आणि उत्तर, लोकसंख्या २० लाखांच्या आत, त्यामुळे कलम २४३ बी प्रमाणे मधला स्तर ऐच्छिक, तिथे ग्रामपंचायत आणि जिल्हा पंचायत असे दोनच. गोव्याच्या मित्राला विचारून खात्री केली तर तो म्हणाला अरे समिती म्हणजे काय ते इथे कुणाला विचारलंस तर तोंडाकडे बघतील. आता तो आकडा विसरत नाही.

उत्तराची लांबी दहा-बारा शब्द. त्याहून लांब झालं तर समजा आत दोन कार्डं आहेत. उत्तराखाली एका ओळीत कलम नंबर आणि लेक्चरमधली वेळ लिहा, उदाहरणार्थ ३४:१०. दोन महिन्यांनी कार्डावर शंका आली की पूर्ण लेक्चर शोधत बसायला लागत नाही. यूट्यूबच्या लिंकला शेवटी `&t=2050s` जोडलं की थेट ३४ मिनिटं १० सेकंदावर उघडतं, मिनिटं गुणिले ६० अधिक सेकंद एवढंच गणित.

अ‍ॅपमध्ये टाकणं

मी अँकी वापरतो, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे लागतात. एकेक कार्ड हाताने टाकत बसू नका, साधी टेक्स्ट फाइल बनवा आणि एकदम इम्पोर्ट करा. फाइल अशी दिसते:

```
#separator:Pipe
#html:false
#notetype:Basic
#deck:पंचायतराज
#tags column:3
पंचायतीची ५ वर्षांची मुदत कोणत्या तारखेपासून मोजतात?|पहिल्या सभेसाठी ठरवलेल्या तारखेपासून. २४३ ई, ३४:१०|मुदत
दोन मेहतांपैकी द्विस्तरीय पंचायत राज कोणी सुचवलं?|अशोक मेहता, १९७७. १२:४०|समित्या
```

मधली उभी रेघ प्रश्न, उत्तर आणि टॅग वेगळे करते. स्वल्पविराम वापरू नका, तो उत्तरात येतोच आणि उत्तर तिथेच तुटतं. टॅगमध्ये जागा सोडली तर दोन टॅग होतात, म्हणून दोन शब्दांचा टॅग असेल तर तो जोडून लिहा. फाइल सेव्ह करताना `UTF-8` निवडा. एक्सेलमधून साधी सीएसव्ही काढली की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ येते, तिथे `CSV UTF-8` हा वेगळा पर्याय असतो तो घ्यायचा. आणि एक फसवी गोष्ट, अँकी इम्पोर्ट करताना कार्ड ओळखतं ते पहिल्या रकान्यावरून, म्हणजे प्रश्नावरून. पुढच्या लेक्चरमध्ये तुम्ही परत अगदी "मुदत किती?" असाच प्रश्न लिहिला तर नेहमीच्या सेटिंगमध्ये जुन्या कार्डाचं उत्तर बदलून जातं आणि नवीन कार्ड बनतच नाही. इम्पोर्ट झाल्यावर किती नवीन आणि किती अपडेट झाले ते दाखवतं, ते वाचा. ३६ टाकले आणि ३५ नवीन दिसले तर एक कुठेतरी दुसऱ्यावर जाऊन बसलंय.

कागदावर करायचं असेल तरी चालतं, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे आणि बुटांचे पाच खोके. पहिला खोका रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा आठ, पाचवा सोळा. बरोबर आलं की पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. अभ्यासिकेत घेऊन जायला त्रास होतो एवढंच.

रोजचं

सुरुवातीला अँकीमध्ये रोज २० नवीन कार्डं सेट असतात, मी १० करतो. कारण प्रत्येक नवीन कार्ड पुढचे काही आठवडे परत परत येणार असतं. माझा अंदाज असा की रोज १० नवीन घेतली तर महिन्याभरात रोजची रिव्हिजन ७०-८० पर्यंत जाते, ती वीसेक मिनिटांत होते. रोज २० घेतली तर दुप्पट, आणि एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी तोंडाला फेस. ३६ कार्डांचं लेक्चर त्यामुळे चार दिवसात आत जातं, आणि पुढचं लेक्चर तोवर थांबतं, थांबू दे.

उत्तर बघायच्या आधी तोंडाने बोला, पुटपुटलं तरी चालेल. मनातल्या मनात "हां माहितीये" म्हणून उत्तर उघडलं की प्रत्येक वेळी माहीतच असतं. आणि विसरलात तर `Again` दाबा, `Hard` नाही. `Hard` म्हणजे आठवलं पण त्रास झाला. विसरल्यावर वाईट वाटून `Hard` दाबायची सवय लागली की अँकीला वाटतं तुम्हाला येतंय, आणि न येणारी कार्डं लांब लांब जाऊन बसतात. बघणार कसं? जी कार्डं तीन आठवड्यांनी येतात त्यातली निम्मी तुम्हाला येत नसतील तर बहुतेक हेच चाललंय.

परीक्षा जवळ आली की नवीन कार्डं शून्यावर आणा, शेवटचे दोन-तीन आठवडे फक्त रिव्हिजन. त्या काळात ऐकलेल्या लेक्चरची कार्डं करू नका, वहीत एक पान करा आणि ते वाचा.

एखादं कार्ड आठ वेळा विसरलं की अँकी त्याला `leech` असा टॅग लावतं. लोक ते कार्ड नवव्यांदा पाठ करतात. नको. माझं असं झालेलं कार्ड तेच होतं, १ वर्ष ८ महिने. दरवेळी २ वर्षं तोंडात यायचं. शेवटी ट्रान्सक्रिप्टमध्ये ३४:१० ला परत गेलो, ऐकलं, आणि लक्षात आलं की मी पाठ करत होतो ते आकडे, पण अडत होतं ते घड्याळ कधी थांबतं यावर. मग ते कार्ड काढून टाकलं आणि त्याच्या जागी लिहिलं: "पंचायत बरखास्त झाल्यावर निवडणुकीत जाणारा काळ कुणाच्या मुदतीतून वजा होतो?" उत्तर, जुन्याच पंचायतीच्या मूळ ५ वर्षांतून, घड्याळ थांबत नाही. आकडे बदलून दुसरं एक कार्ड केलं, २ वर्षांनी बरखास्त, ५ महिन्यांनी नवी, तर २ वर्षं ७ महिने. त्यानंतर ते परत लीच झालं नाही.